सर्वेतला तो एक छोटा आकडा

सर्वे भरून घेताना आपण सगळ्यांना सांगतो की नाव विचारणार नाही, उत्तरं गोपनीय राहतील, आणि लोक त्या शब्दावर विश्वास ठेवून खरं लिहितात. पण ओळख फुटते ती बहुतेक वेळा फॉर्ममधून नाही, रिपोर्टमधल्या टेबलमधून फुटते, आणि तेही नाव कुठेच छापलेलं नसताना. हे कसं होतं ते एका टेबलवरच बघू. मी केलेल्या एका कामातलं आहे, आकडे आणि विभाग बदललेत पण गुंता तसाच ठेवलाय.

प्रश्न होता "गेल्या वर्षभरात वरिष्ठांकडून अपमानास्पद वागणूक मिळाली का?" आणि ज्यांनी "हो" म्हटलं त्यांची संख्या अशी:

| विभाग | बायका | पुरुष | एकूण |
|---|---|---|---|
| उत्पादन | १४ | ३१ | ४५ |
| विक्री | १२ | १६ | २८ |
| हिशेब | २ | ११ | १३ |
| भांडार | ७ | ९ | १६ |
| एकूण | ३५ | ६७ | १०२ |

हिशेब विभागात मुळात बायकाच ३. त्यातल्या दोघींनी "हो" म्हटलंय हे वाचल्यावर त्या विभागाच्या साहेबांना अंदाज बांधायला किती वेळ लागेल? आणि साहेब तर लांबच राहिले, त्या दोघींपैकी कुणीही एकीने स्वतःला वजा केलं की तिला कळतं की उरलेल्या दोघींपैकी बरोबर एकीने "हो" लिहिलंय. म्हणून २ हा आकडा १ पेक्षा फारसा सुरक्षित नसतो. टक्केवारी दिली तरी फरक पडत नाही, ६६.७ टक्के दिसलं की लहान विभागात ३ पैकी २ हे लगेच ओळखू येतं.

त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक किमान मर्यादा ठरवलेली असते, त्याखालचा आकडा छापायचा नाही. कुणी ५ धरतं, कुणी १०. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा डेटा वापरणाऱ्यांना १ ते १० मधला कुठलाही आकडा दाखवता येत नाही, म्हणजे ११ पासून पुढेच. आपण इथे ५ धरू आणि तो २ खोडून तिथे फुली टाकू.

झालं काम? अजिबात नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त रिपोर्ट फसतात. हिशेबाच्या ओळीत एकूण १३ आहेत, पुरुष ११ आहेत, वजाबाकी केली की २ परत हातात. बरं मग ११ पण झाका. तरी कॉलम आहेच की, ३५ मधून १४, १२ आणि ७ काढले की पुन्हा २. म्हणजे बायकांच्या कॉलममधला अजून एक सेल झाकावा लागतो, समजा भांडारचा ७, आणि तो झाकला की त्याच्या ओळीतला ९ उघडा ठेवता येत नाही कारण १६ वजा ९ म्हणजे ७. शेवटी चार सेल झाकले जातात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे. एका २ साठी ७, ९ आणि ११ हे तिन्ही निरुपद्रवी आकडे गेले. पहिल्या फुलीला प्राथमिक आणि बाकीच्या तीन फुल्यांना पूरक म्हणतात.

आता तपासायचं कसं की झाकलेलं खरंच झाकलंय? वाचकाच्या खुर्चीत बसून गणित करायचं. बायकांच्या कॉलममधल्या दोन फुल्यांची बेरीज ३५ वजा २६ म्हणजे ९, त्यामुळे हिशेबातला आकडा ० ते ९ मधला काहीही असू शकतो. ही रेंज बरी आहे, फक्त विभागात बायका ३ च आहेत हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी ती ० ते ३ एवढीच उरते. आणि भांडारमध्ये ७ च्या जागी १ असता तर बेरीज ३ आली असती, रेंज सगळ्यांसाठीच ० ते ३, आणि मग चार फुल्या टाकूनही आपण जवळजवळ सगळं सांगून टाकलं असतं. टेबल मोठं असेल तर हे हाताने होत नाही, त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर आहेत.

मला स्वतःला फुल्यांपेक्षा विभाग एकत्र करणं जास्त आवडतं. हिशेब आणि भांडार मिळून "कार्यालयीन विभाग" केला की बायका ९, पुरुष २०, एकूण २९, एकही फुली नाही आणि वाचणाऱ्याला बेरीज जुळवता येते. दुसरा मार्ग राउंडिंगचा. न्यूझीलंडची सांख्यिकी संस्था आकडे ३ च्या पटीत असे फिरवते की २ चा कधी ३ होतो, कधी ०, पण ३ होण्याची शक्यता दुप्पट. टोटल वेगळी फिरवल्याने बेरीज थोडी चुकते, आणि त्यामुळेच वजाबाकी करणाऱ्याच्या हाती काही पक्कं लागत नाही. लहान सर्वेत मात्र असा फेरफार लोकांना खटकतो, बेरीज का जुळत नाही म्हणून फोन येतात.

एवढं करूनही मर्यादा पाळलेले दोन टेबल मिळून एक माणूस उघडा पाडू शकतात. एका टीमचे ७ जण, समाधानाचा सरासरी गुण ५ पैकी ४.०. नंतर कुणीतरी मागतं की "टीम लीडरला वगळून काढून द्या ना", त्या ६ जणांची सरासरी येते ४.५. दोन्ही गट ५ च्या वर आहेत, नियम मोडलेला नाही. पण ७ गुणिले ४ म्हणजे २८ आणि ६ गुणिले ४.५ म्हणजे २७, टीम लीडरने १ दिलाय हे आता सगळ्यांना माहीत. म्हणून मी आधी काय काय दिलंय त्याची एक यादी ठेवते आणि नवीन मागणी आली की ती जुन्या टेबलमधून वजा करून बघते, उरलेला गट लहान निघाला तर सरळ नाही सांगते.

आता मोकळ्या उत्तरांचं बघू, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. कुणीतरी लिहिलेलं असतं, "बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तर माझं काम दुसऱ्याला दिलेलं, साहेब म्हणाले आता तुला झेपायचं नाही." यात साहेबांचं नाव असेल तर ते आपण काढतो आणि समाधान मानतो. पण त्या वर्षी बाळंतपणाच्या रजेवर एकच बाई गेलेली असेल तर? शिवाय आपल्या भाषेत क्रियापदच सांगून टाकतं, "आले" लिहिलं की बाई, "आलो" लिहिलं की पुरुष, आणि पुरुषांच्या टीममध्ये एकच बाई असेल तर तेवढं एक अक्षर पुरतं. वाक्याची ढब, नेहमीचा एखादा शब्द, यावरूनही रोज सोबत काम करणारे ओळखतात. म्हणून मी अशी वाक्यं जशीच्या तशी छापत नाही, "मोठ्या रजेनंतर जबाबदारी कमी केली गेली अशी तक्रार" असं लिहिते. त्यातली धार जाते, हे मला खरंच बोचतं, कारण तिने ती कुणीतरी ऐकावी म्हणूनच लिहिलेली असते. पण तिला विचारायला जायचं तर ती कोण हे आधी शोधावं लागेल, आणि ते न शोधण्याचाच शब्द आपण तिला दिलाय.

आणि फाइल पाठवण्याआधी एक गोष्ट कराच. टेबल एक्सेलच्या पिव्होटमधून बनवलं असेल तर मूळ डेटाची कॉपी त्या फाइलच्या आतच राहू शकते, डेटाची शीट डिलीट केली तरीसुद्धा. आकड्यावर डबल क्लिक केलं की त्यामागच्या सगळ्या ओळी, वय, हुद्दा, उत्तरं, नव्या शीटवर उघडतात. आकडे फक्त व्हॅल्यू म्हणून नव्या कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करा, आणि पाठवायच्या आधी तीच फाइल स्वतः उघडून एकदा डबल क्लिक करून बघा.