शेवगा, कलिंगड, पालक: ‘पौरुष वाढवणाऱ्या’ पदार्थांत तथ्य किती?

शेवग्याच्या शेंगा खाल्ल्या की ताकद येते, हे घरोघरी ऐकायला मिळतं. त्यामागचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेत, तेही पानांचा किंवा बियांचा अर्क देऊन. आमटीतल्या चार तुकड्यांनी माणसाच्या ताठरतेत फरक पडतो, असा पुरावा नाही. शेंग पौष्टिक आहे, जरूर खावी, पण या आशेवर नको.

ताठरता हा मुळात रक्तप्रवाहाचा खेळ आहे. उत्तेजना आली की मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, वाहिन्या सैलावतात आणि लिंगात रक्त भरतं. म्हणून कुठलाही दावा तपासताना एकच विचारावं: हा पदार्थ या साखळीत नेमका कुठे काम करतो?

कलिंगडाला याचं उत्तर देता येतं. त्यातल्या सिट्रुलिनपासून शरीर आर्जिनिन बनवतं आणि आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड. इटलीतल्या एका छोट्या चाचणीत सौम्य तक्रार असलेल्या 24 पुरुषांना महिनाभर रोज दीड ग्रॅम सिट्रुलिन दिलं. 12 जणांची ताठरता सुधारली. त्याच पुरुषांना औषध नसलेली नकली गोळी दिली, त्या महिन्यात फक्त दोघांची. आता हिशोब करू. किलोभर गरात सिट्रुलिन साधारण दोन ग्रॅम धरलं, तर दीड ग्रॅमसाठी रोज पाऊण किलो गर लागेल. त्यासोबत सुमारे 45 ग्रॅम, म्हणजे नऊ चमचे साखर पोटात जाते. मधुमेह्याला हे परवडणारं नाही, आणि ताठरतेची तक्रार त्यांच्यातच जास्त असते.

पालक आणि बीट यांची वाट वेगळी. त्यांतल्या नायट्रेटचं जिभेवरचे जिवाणू नायट्राइट करतात आणि त्यातून पुढे नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. बीटच्या रसाने रक्तदाब थोडा उतरतो, हे माणसांवर दिसलंय. ताठरतेवर थेट परिणाम मात्र सिद्ध नाही. इथे स्वयंपाकात चूक होते ती अशी: पालक उकडून पाणी ओतून दिलं की बरंचसं नायट्रेट मोरीत जातं. डाळीसोबत शिजवलेल्या पातळ भाजीत ते टिकतं. जेवणानंतर जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली तर जिवाणूच मरतात आणि साखळी तिथेच तुटते. मूतखडा असेल तर पालक बेतानेच खावा.

दुधात जायफळ उगाळून घ्यायचं तर चिमूटभरच. ‘जास्त घेतलं की जास्त गुण’ म्हणून अख्खं जायफळ खाल्लं तर छातीत धडधड, उलट्या आणि भ्रम होऊ शकतो. एका रात्रीत गुण देणाऱ्या ‘आयुर्वेदिक’ पुड्या त्याहून घातक. अशा पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं अनेकदा सापडलंय. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर त्याने रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो.

लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे बिघाड अनेकदा तिथे आधी जाणवतो. सकाळची ताठरताही कमी झाली असेल आणि तक्रार तीन महिने टिकली, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.