फोनवर न विस्कटणारी बाकीची यादी

आमच्या घाऊक व्यापारी ग्राहकांसाठी

दर सोमवारी तुमच्या दुकानातून गिऱ्हाइकांना येणे बाकीची यादी ईमेलने जाते. ती साध्या मजकुरात असते, कारण असा ईमेल हलका असतो, कुठेही उघडतो आणि त्यातला आकडा पटकन उचलता येतो. पण "काँप्युटरवर रांगेत दिसते, फोनवर सगळं इकडचं तिकडे" ही तक्रार आम्ही वरचेवर ऐकतो. एका गिऱ्हाइकाने तर शेजारच्या ओळीतली रक्कम वाचून भलत्याच बिलाचे पैसे भरले. तो जमाखर्च मिटवण्यात आमची अख्खी दुपार गेली, म्हणून हे पत्रक.

पूर्वीची यादी अशी जात असे:

```
Bill No   Bill Date    Particulars           Bill Amt    Balance
SB/1042   03-06-2025   PVC pipe 1 inch       1,12,500     42,500
SB/1057   11-06-2025   Elbow, tee               8,640      8,640
SB/1063   19-06-2025   Solvent 500 ml             960        960
```

हे रकाने फक्त स्पेस मारून जुळवले आहेत. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणाऱ्या, म्हणजे मोनोस्पेस फॉन्टमध्येच ते जुळतात. फोनवरचे जीमेल अ‍ॅप किंवा आयफोनचे मेल अ‍ॅप साधा मजकूर तशा फॉन्टमध्ये दाखवत नाही. तिथे प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. एरियल फॉन्टचेच बघा. त्यात `M` हे अक्षर `i` च्या जवळजवळ पावणेचार पट रुंद असते. त्यामुळे मालाचे नाव मध्ये आले की त्याच्या पुढचा प्रत्येक आकडा नावाप्रमाणे डावी-उजवीकडे सरकतो. शिवाय वरची ओळ 64 अक्षरांची आहे. उभ्या धरलेल्या फोनवर साधारण 35 ते 40 अक्षरे मावतात, त्यामुळे शेवटची बाकी तुटून खालच्या ओळीत जाते. त्या गिऱ्हाइकाची चूक इथेच झाली.

समोरच्याच्या फोनवर कोणता फॉन्ट असेल हे आपल्या हातात नाही. म्हणून यादी अशी लिहायची की मोनोस्पेस असेल तर ती नेमकी जुळावी, आणि नसेल तरी वाचता यावी. आम्ही आता ती अशी करतो:

```
Date     Balance  Bill  माल
03-06     42,500  1042  पाईप
11-06      8,640  1057  एल्बो
19-06        960  1063  सोल्यूशन
----------------------
Total     52,100
```

पहिला बदल रुंदीचा. वर्ष, `SB/` आणि मूळ बिलाची रक्कम काढून टाकली. गिऱ्हाइकाला हवी असते ती बाकी आणि बिलाचा नंबर. ओळ 32 अक्षरांच्या आत ठेवा, कारण पुष्कळ वयस्कर मंडळी फोनवरची अक्षरे मोठी करून वाचतात.

दुसरा बदल क्रमाचा, आणि आमच्या मते खरी मेख इथे आहे. तारीख, रक्कम, बिल नंबर असे आकड्यांचे रकाने आधी, आणि नाव सगळ्यात शेवटी. एरियलसारख्या नेहमीच्या फॉन्टमध्ये 0 ते 9 हे सगळे आकडे एकाच रुंदीचे असतात. फक्त स्पेस आकड्याच्या निम्मी असते. त्यामुळे वरच्या यादीत `960` हा आकडा `42,500` च्या तुलनेत एका आकड्याएवढाच डावीकडे सरकतो. रांग थोडी वाकडी दिसते, पण कोणती रक्कम कोणत्या बिलाची याबद्दल शंका राहत नाही. नाव शेवटी असल्याने त्याच्यामागे जुळवायला काही उरत नाही. ते लांब असो की आखूड, आकड्यांना धक्का लागत नाही.

देवनागरी शेवटी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मोनोस्पेस फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसतेच, ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी येते आणि तिची रुंदी वेगळी असते. शिवाय जोडाक्षरांचा हिशेब लागत नाही. "एल्बो" आपल्याला दोन अक्षरी दिसते, काँप्युटर मात्र त्यात पाच चिन्हे मोजतो. म्हणून मधल्या रकान्यांतले आकडेही १, २, ३ असे न लिहिता 1, 2, 3 असेच ठेवा. रुपयाचे ₹ हे चिन्हही प्रत्येक ओळीत नको. ईमेलच्या वर एकदा "सर्व रकमा रुपयांत" लिहिले की काम झाले.

यादी तुम्ही स्वतः एक्सेलमध्ये करत असाल, तर A मध्ये तारीख, B मध्ये बाकी, C मध्ये बिल नंबर आणि D मध्ये माल ठेवून हे सूत्र वापरा:

```
=TEXT(A2,"dd-mm")&"  "&RIGHT(REPT(" ",9)&TEXT(B2,"#,##0"),9)&"  "&C2&"  "&D2
```

रकमेच्या डावीकडे नऊ स्पेस लावून उजवीकडची नऊ अक्षरे घेतली की एकक-दशक आपोआप एकाखाली एक येतात. इथे एक सापळा आहे. नऊ अक्षरांत 99,99,999 पर्यंतच मावते. बाकी 1,12,40,000 असेल तर यादीत `12,40,000` छापले जाईल. एक कोटी गायब, आणि बघणाऱ्याला आकडा अगदी बरोबर वाटेल! कोटीतले व्यवहार असतील तर दोन्ही ठिकाणी 9 चे 12 करा. स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे न पडता 112,500 असा पडला, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश म्हणून भारत निवडलेला नाही असे समजा.

ईमेलमध्ये सूत्राचा हा एकच रकाना कॉपी करून चिकटवा. चारही रकाने उचललेत तर मध्ये टॅब येतात, आणि टॅबची रुंदी प्रत्येक अ‍ॅप आपल्या मर्जीने ठरवतो.

D रिकामा असला तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस उरतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण काही ईमेल प्रोग्रॅममध्ये शेवटच्या स्पेसचा अर्थ "ही ओळ पुढे चालू आहे" असा होतो आणि दोन बिले एकाच ओळीत चिकटतात. असे दिसले तर रिकाम्या जागी एक `-` टाका. `TRIM` मात्र लावू नका, ते मधल्या स्पेससुद्धा एकेक करून टाकते.

काँप्युटरवर जीमेल वापरत असाल तर आणखी एक सोय आहे. यादी चिकटवल्यावर ती सिलेक्ट करून फॉन्टच्या यादीतून `Fixed Width` निवडा. मग ईमेलमध्ये साध्या प्रतीसोबत फॉन्टची माहिती असलेली दुसरी प्रतही जाते. फोन ती दुसरी उचलतो आणि रकाने नेमके जुळतात. `Plain text mode` चालू असेल तर हा पर्याय मिळणार नाही. तरीही वरचा क्रम आणि रुंदी सोडू नका, कारण पुढे कोणी साधी प्रतच वाचेल तेव्हा तेच कामी येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवताना तिच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (`) टाका, तिथेही मोनोस्पेस मिळते.

आपला ईमेल फोनवर कोणत्या फॉन्टमध्ये उघडतो हे बघायचे असेल, तर या दोन ओळी स्वतःलाच पाठवा:

```
iiiiiiiiii|
MMMMMMMMMM|
```

दोन्ही उभ्या रेघा एकाखाली एक आल्या तर फॉन्ट मोनोस्पेस आहे. वरची रेघ आधीच संपली तर नाही. हे तपासताना एकदा तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणाचा तरी जुना, छोटा फोनही हातात घेऊन बघा. यादी जुळत नसेल तर त्या स्क्रीनचा फोटो काढून आम्हाला पाठवा. ईमेल पुढे पाठवलात तर आमच्या काँप्युटरवर तो सरळच दिसतो आणि दोष सापडत नाही.