‘पाणी सांडू नये’ पुसून काय लिहायचं?

परभणीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात ऑइलपेंटनं लिहिलेले चौदा नियम आहेत, सगळे ‘नये’वर संपणारे, आणि पाण्याच्या टाकीवर तर लाल अक्षरात वेगळं, ‘पाणी सांडू नये, अन्यथा कडक शिक्षा’. आणि नेमकं त्याच टाकीखाली रोज चिखल. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे बघून जीव तुटतो.

लेकरं वांड आहेत म्हणून असं होतं असं आपण म्हणतो, पण अमेरिकेत 1976 मध्ये एका कॉलेजच्या टॉयलेटमध्ये याचा प्रयोग झालाय. काही ठिकाणी ‘भिंतीवर कुठल्याही परिस्थितीत लिहू नका’ अशी पाटी, काही ठिकाणी नुसतं ‘कृपया लिहू नका’, आणि खाली कुठं सिक्युरिटी प्रमुखाचं पद तर कुठं साध्या कमिटी मेंबरचं. सगळ्यात जास्त खरडलेली पाटी कुठली, तर कडक भाषेची आणि मोठ्या साहेबाच्या नावाची. आपल्या हातातला निर्णय कुणी हिसकावला की माणूस तो परत घ्यायला बघतो, जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्येच याला रिअ‍ॅक्टन्स नाव दिलं होतं.

मग आपल्या परभणीकडच्या शाळेतल्या मॅडमनी पाटी बदलायचं ठरवलं. पहिला मसुदा असा होता: ‘बरीच मुलं पाणी वाया घालवतात, तुम्ही तसं करू नका ना.’ भाषा गोड आहे, पण मला वाटतं ही जुन्या पाटीपेक्षाही घातक, कारण पोरगं त्यातून एवढंच उचलतं की सगळेच सांडतात. अ‍ॅरिझोनात दगड झालेल्या लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं ‘पूर्वी अनेकांनी तुकडे नेले’ अशी पाटी लावली तेव्हा मुद्दाम खुणा करून ठेवलेले जवळपास 8 टक्के तुकडे गेले, आणि नुसतं ‘कृपया नेऊ नका’ लिहिलं तेव्हा 2 टक्क्यांहून कमी.

शेवटी पाचवीच्या पोरांना विचारलं की बाबांनो पाणी सांडतंच कसं, तर म्हणे ग्लास पूर्ण भरतो, दोन घोट पितो, उरलेलं ओततो. झालं, पाटी तिथंच सापडली: ‘आधी अर्धा ग्लास घ्या, तहान राहिली तर परत या. नळ घट्ट फिरवला की दुपारच्या सुट्टीलाही टाकीत पाणी असतं.’ काय करू नये याच्याऐवजी हातानं नेमकं काय करायचं ते, आणि त्याचं कारण. खाली सही पोरांचीच.

फरक पडतो का हे पाटी वाचून कळत नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पाटी बदलायच्या आधी आठवडाभर रोज सुट्टीनंतर उघडे राहिलेले नळ मोजून वहीत लिहीत होत्या, आता पुन्हा तसंच मोजतायत, आणि महिन्यानंतर परत एकदा मोजणार, कारण नवी पाटी पहिले चार दिवस सगळेच वाचतात.

बाकीचे नियम हळूहळू बदलतील. पण मैदानाशेजारच्या विजेच्या डीपीवरचं ‘हात लावू नका, जीव जाईल’ मात्र तसंच ठेवलंय, तिथं लेकराला विचार करायला वेळच नसतो.