दोन कॉइल, मधे त्रिज्येएवढं अंतर, आणि फील्ड जवळपास सपाट

हेल्महोल्ट्झ कॉइल म्हणजे सारख्या दोन कॉइल, एकाच अक्षावर समोरासमोर, दोघींत करंट एकाच दिशेने आणि मधलं अंतर बरोब्बर त्रिज्येएवढं. हे त्रिज्येएवढंच का, ते बीएस्सीला मी नुसतं पाठ केलेलं, समजलं आकडे मांडल्यावर.

आधी एकच कॉइल घ्या, त्रिज्या 15 सेमी. तिच्या केंद्रातलं फील्ड 100 धरा आणि अक्षावरून लांब जात रहा. सुरुवातीला फील्ड हळू उतरतं, मग उतार वाढत जातो, आणि 7.5 सेमीला, म्हणजे अर्ध्या त्रिज्येवर, तो सगळ्यात तीव्र होतो नि तिथून पुढे मंदावायला लागतो. म्हणजे तिथे ग्राफचा बाक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळतो आणि त्या वळणापाशी थोड्या अंतरापुरती रेष जवळजवळ सरळच असते. सगळी गंमत या सरळपणात आहे.

आता दुसरी कॉइल 15 सेमीवर ठेवा. मधला बिंदू दोघींपासून 7.5 सेमीवर येतो, तिथे प्रत्येकीचे 71.55, बेरीज 143.1. मधून 3 सेमी सरका, एक कॉइल 4.5 सेमीवर आली, दुसरी 10.5 वर गेली, जवळचीचे 87.87 आणि लांबचीचे 54.98, बेरीज 142.85. एकटीचं फील्ड इतकं बदललं तरी बेरजेत फरक फक्त 0.18 टक्के! उतार एकमेकांना खोडतात हे खरं, पण मध्यावर ते कुठल्याही अंतराला खोडतात, त्रिज्येएवढ्या अंतराला बाकही शून्य होतो म्हणून हा सपाटपणा. मध्यापासूनचं अंतर x, त्रिज्या R आणि मधलं फील्ड B₀ धरलं तर सूत्रात उरतं ते चौथ्या घाताचं पद:

B(x) ≈ B₀ [1 − 1.152 (x/R)⁴]

चौथा घात असल्यामुळे मधे फरक जाणवत नाही, पण बाहेर गेलात की झपाट्याने वाढतो, कॉइलच्या प्रतलापर्यंत पोचेस्तोवर फील्ड 5 टक्क्यांहून जास्त उतरलेलं असतं, त्यामुळे सॅम्पल मधल्या भागातच ठेवायचं.

अंतर चुकलं तर ग्राफच सांगतो. जास्त झालं तर मधे खड्डा, कमी झालं तर मधे उंचवटा. मोजताना एका वाइंडिंगच्या मध्यापासून दुसऱ्या वाइंडिंगच्या मध्यापर्यंत मोजा, फ्रेमच्या कडांमधलं अंतर घेऊन फसायला होतं. ग्राफ एका बाजूला कलला तर दोघींतला करंट सारखा आहे का बघा, म्हणून तर त्या सिरीजमधे जोडतात. आणि मधे रीडिंग जवळपास शून्य आलं तर एका कॉइलची जोडणी उलटी झालीये.

पृथ्वीचं फील्डही मोजमापात मिसळतं, आपल्याकडे ते साधारण 0.4 गॉस. प्रत्येकी 130 वेढ्यांच्या अशा जोडीत 1 अँपिअर सोडला तर मधे 7.8 गॉस मिळतात, म्हणजे अक्ष पृथ्वीच्या फील्डच्या दिशेत असेल तर 5 टक्के चूक सहज होते. करंट उलटा करून परत रीडिंग घ्या आणि दोन्ही रीडिंगच्या फरकाचा अर्धा धरा, पृथ्वीचा हिस्सा आपोआप निघून जातो.