गृहीत आकारावरून बकलिंग लोड: 3 आणि 2.5 यांच्यामागचा इतिहास

पुण्यात सिव्हिलच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या कुणालाही विचारा, एनर्जी मेथडचं एक गणित हमखास पाठ असतं. खाली घट्ट बसवलेला आणि वर मोकळा असलेला खांब घ्यायचा, तो पॅराबोलाच्या आकारात वाकतो असं धरायचं आणि कोणत्या भाराला तो बाजूला लवू लागेल, म्हणजे बकलिंगचा भार, काढायचा. एका वाटेने उत्तर 3EI/L² येतं, दुसऱ्या वाटेने 2.5EI/L²; इथे E म्हणजे मालाचा ताठपणा, I म्हणजे छेदाच्या आकारामुळे येणारा वाकण्याचा विरोध आणि L म्हणजे खांबाची उंची. खरं उत्तर 2.467EI/L². खांब तोच आणि आकारही तोच, तरी उत्तरं दोन का येतात, हे वर्गात बहुतेक वेळा राहून जातं. मला तर या पद्धतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते, आणि ती समजायला पद्धत कुठून आली हे पाहावं लागतं.

सुरुवात पत्रव्यवहारातून होते. 1742 मध्ये डॅनियल बर्नुली यांनी ऑयलर यांना लिहिलं की वाकलेल्या लवचीक पट्टीत एक राशी कमीत कमी होत असली पाहिजे: वक्रतेच्या वर्गाची पट्टीच्या लांबीभर केलेली बेरीज. आज आपण तिला बेंडिंगची स्ट्रेन एनर्जी म्हणतो. ऑयलर यांनी ही सूचना घेतली आणि 1744 च्या ग्रंथाच्या पुरवणीत लवचीक वक्रांचं सगळं कुटुंबच मांडलं. खांब कोणत्या भाराला वाकायला लागतो, याचं उत्तर त्यातच निघालं. म्हणजे बकलिंगच्या जन्मापासून ऊर्जा तिथे हजर होती. पण ऑयलर यांना आकाराचा अंदाज करावा लागला नाही. त्यांच्या खांबाची जाडी सगळीकडे सारखी आणि भार फक्त टोकावर होता. समीकरण सुटत होतं आणि आकार आपोआप साइन-कोसाइनचा मिळत होता.

पुढची दीडशे वर्षं अडचण आली ती समीकरण न सुटणाऱ्या किंवा फार कष्टाने सुटणाऱ्या ठिकाणी. खांबाचं स्वतःचं वजन धरलं की गणित किती बिघडतं, याचा अनुभव म्हातारपणी खुद्द ऑयलर यांनीच घेतला. त्या प्रश्नाचा निकाल ग्रीनहिल यांनी 1881 मध्ये बेसेल फंक्शन वापरून लावला. जहाजाच्या बाजूच्या पत्र्यांचं बकलिंग ब्रायन यांनी 1891 मध्ये ऊर्जेच्या हिशेबाने सोडवलं, पण तिथेही चारही कडा सोप्या आधारावर असल्यामुळे आकार नेमका माहीत होता. अंदाजाने आकार धरण्याची कल्पना खरं तर दुसऱ्या शाखेतून आली. लॉर्ड रॅले यांनी ध्वनीवरच्या 1877 च्या ग्रंथात तारा आणि पट्ट्यांच्या कंपनांची वारंवारता अशीच काढली: कंपनाचा आकार साधारण बरोबर धरला तर वारंवारता बरीच अचूक येते. वॉल्टर रिट्झ यांनी 1908-09 मध्ये एका आकाराऐवजी अनेक आकारांची बेरीज घ्यायची आणि त्यांची प्रमाणं ऊर्जेवरूनच ठरवायची, ही पद्धतशीर रीत दिली. त्याच 1909 साली, एकतिसाव्या वर्षी ते वारले.

हे सगळं बांधकामाच्या कामाला जोडलं ते कीव्हमध्ये शिकवणाऱ्या स्टीफन टिमोशेन्को यांनी. त्यांच्यासमोरचे प्रश्न पुलांचे होते. वरून मोकळ्या असलेल्या लहान पुलांत वरच्या दाबाच्या पट्टीला आडवा आधार फक्त उभ्या सदस्यांचाच असतो, आणि असे काही पूल वरची पट्टी बाजूला लवून पडले होते. यासिन्स्की यांनी हा प्रश्न 1890 च्या दशकात सोडवला होता, पण फार किचकट मालिका वापरून. 1907 च्या ऑगस्टमध्ये कॅनडातला क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला, 75 माणसं गेली, आणि तिथेही सुरुवात दाबाखालच्या सदस्यांपासूनच झाली होती. टिमोशेन्को यांनी 1910 मध्ये दाखवलं की असे प्रश्न आकार गृहीत धरून आणि ऊर्जेचा ताळा घालून काही ओळींत सुटतात. या कामाला 1911 मध्ये झुरावस्की पारितोषिक मिळालं. ज्यू विद्यार्थ्यांवरची मर्यादा पाळायला नकार दिल्यामुळे त्यांची नोकरी गेली तीही त्याच वर्षी.

आता तो ताळा प्रत्यक्ष घालून पाहू. गच्चीवर किंवा पार्किंगवर पत्र्याचं छप्पर टाकताना पाइपचे खांब उभे करतात आणि तिरक्या ब्रेसिंगला पुष्कळदा फाटा देतात. मग प्रत्येक खांब खाली पक्का आणि वर मोकळा असाच वागतो. खांब 3 मीटर उंच, पाइपचा बाहेरचा व्यास 114.3 मिमी, जाडी 4.5 मिमी धरू. त्याचा I सुमारे 234 सेमी⁴ येतो, स्टीलचा E 200 जीपीए, आणि EI/L² साधारण 52 किलोन्यूटन.

x तळापासून मोजू. वरचं टोक δ इतकं सरकलं आणि आकार y = δx²/L² आहे असं धरू. तळाला सरक शून्य, उतारही शून्य, म्हणजे पाया घट्ट असल्याची अट पाळली गेली. खांब वाकला की त्याचं टोक किंचित खाली येतं आणि भार तेवढं काम करतो. भार P असेल तर हे काम म्हणजे P/2 गुणिले उताराच्या वर्गाची उंचीभर बेरीज. इथे ते येतं (2/3)Pδ²/L. दुसऱ्या बाजूला खांबात साठलेली ऊर्जा: EI/2 गुणिले वक्रतेच्या वर्गाची बेरीज. पॅराबोलाची वक्रता सगळीकडे सारखीच, 2δ/L², म्हणून ऊर्जा 2EIδ²/L³. दोन्ही सारखे ठेवले की δ² दोन्हीकडून कटतो आणि P = 3EI/L² राहतो. δ कटणं हीच पद्धतीची खूण आहे: भार कळतो, खांब किती वाकेल हे कळत नाही.

आपल्या पाइपसाठी हे उत्तर 156 किलोन्यूटन. खरं उत्तर 128.5. जवळजवळ 22 टक्के जास्त, आणि तेही धोक्याच्या बाजूला.

चूक कुठे शिरली ते मोकळ्या टोकाकडे पाहिलं की दिसतं. तिथे बेंडिंग मोमेंट शून्य असतो, म्हणजे वक्रताही शून्य हवी. पॅराबोला मात्र टोकालाही तळाइतकाच वाकलेला आहे. त्याची सरक खऱ्या आकाराच्या बरीच जवळ जाते, उतारही फार वाईट नाही, पण दुसऱ्यांदा डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर वक्रतेत सगळं बिंग फुटतं. आणि आपण ऊर्जा काढली ती नेमकी वक्रतेवरून.

टिमोशेन्को यांच्या स्थिरतेवरच्या 1936 च्या ग्रंथात याच पॅराबोलावर उपाय दिलेला आहे. ऊर्जा वक्रतेवरून काढायचीच नाही, बेंडिंग मोमेंटवरून काढायची. कोणत्याही उंचीला मोमेंट P(δ − y) असतो, हे समतोलावरून थेट कळतं. त्यासाठी y चं डेरिव्हेटिव्ह लागत नाही. मोमेंटच्या वर्गाला 2EI ने भागून बेरीज केली की ऊर्जा 4P²δ²L/(15EI) येते. भाराचं काम आधीचंच आहे. ताळा घातला की P = 2.5EI/L², म्हणजे 130 किलोन्यूटन. चूक 22 टक्क्यांवरून 1.3 टक्क्यांवर आली, आणि गृहीत आकाराला हातही लावला नाही. P(δ − y) टोकाला आपोआप शून्य होतो, म्हणून पॅराबोलाचा टोकाकडचा दोष या हिशेबात येतच नाही. परीक्षेत ही दोन सूत्रं दोन पर्याय म्हणून लिहिली जातात याचं मला वाईट वाटतं. पहिलं सूत्र आकाराच्या सगळ्यात कच्च्या भागावर विसंबतं आणि दुसरं सगळ्यात भरवशाच्या. अर्थात दुसरी वाट तिथेच चालते जिथे मोमेंट फक्त समतोलावरून लिहिता येतो. दोन्ही टोकं जखडलेल्या खांबात टोकांचे मोमेंटही अज्ञात असतात, ते आधी शोधावे लागतात.

दोन्ही वाटांनी उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. खांब स्वतःला सगळ्यात सोप्या आकारात लवतो. आपण त्याला दुसरा आकार घ्यायला भाग पाडलं की तो जास्त भार मागतो. म्हणून दोन आकारांनी दोन उत्तरं आली तर कमी असलेलं उत्तर खऱ्याच्या जवळचं, हे डोळे मिटून म्हणता येतं. मात्र यासाठी आकाराने आधाराच्या अटी पाळलेल्या हव्यात. तळाशी उतार शून्य नसलेला आकार धरला तर उत्तराला काहीच अर्थ राहत नाही. आणि प्रत्यक्षातल्या खांबाची बेसप्लेट थोडी फिरत असेल, बोल्ट सैल असतील, तर खरा भार 128.5 च्याही खाली जातो. गृहीत धरलेला घट्ट पाया तिथे चुकलेला असतो.

रिट्झ यांची वाट धरली तर आणखी एक पद जोडायचं: y = ax² + bx³. a आणि b चं प्रमाण ऊर्जेलाच ठरवू द्यायचं. मग दोन समीकरणं मिळतात आणि त्यांच्या डिटरमिनंटवरून 0.6P² − 20.8P + 48 = 0 असं वर्गसमीकरण निघतं (P इथे EI/L² च्या पटीत). त्याचं लहान मूळ 2.486, चूक पाऊण टक्का. वक्रतेचंच सूत्र वापरलं तरी एवढी सुधारणा होते, कारण x³ मुळे टोकाकडची वक्रता कमी व्हायला वाव मिळाला.

हेच 2.486 पुढे 1960 च्या दशकात पुन्हा अवतरलं. रचना तुकड्यांत मोडून सोडवायच्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत बीमच्या एका तुकड्याचा, म्हणजे एलिमेंटचा, आकार घनपदी धरतात, आणि बकलिंगसाठी लागणारी जॉमेट्रिक स्टिफनेस, म्हणजे दाबामुळे ताठपणात होणारा बदल, त्याच आकारावरून काढतात. आपला खांब एकाच एलिमेंटमध्ये मांडला की अज्ञात उरतात दोनच, आणि ते वरच्या a, b चंच दुसरं रूप आहे. दोन्ही टोकांना पिन असलेला सदस्य एकाच एलिमेंटमध्ये मांडला, तर पहिला मोड पॅराबोलाच निघतो आणि भार येतो 12EI/L². खरा आहे 9.87. चूक पुन्हा तीच, 22 टक्के. मध्ये एक नोड टाकून दोन एलिमेंट केले की 9.94. म्हणून ऑफिसात बकलिंग ॲनालिसिसचा फॅक्टर, म्हणजे लावलेल्या भाराच्या किती पटीला बकलिंग होईल तो आकडा, हाती आला की मी आधी एक सदस्य किती तुकड्यांत मोडलाय ते पाहतो, आणि एकच तुकडा असेल तर दोन करून ॲनालिसिस पुन्हा चालवतो. फॅक्टर लक्षात येण्याइतका खाली उतरला, तर पहिल्या आकड्यात पॅराबोला होता.