कार्डावर असलेली डाउनलोड फाईल फोनला का दिसत नाही : पार्श्वभूमी

जुन्या फोनमधले मेमरी कार्ड काढून नव्या फोनमध्ये घातले, फोटो आणि गाणी लगेच दिसली, पण त्याच कार्डावर डाउनलोड करून ठेवलेल्या पीडीएफ मात्र कुठेच नाहीत, ही तक्रार अजूनही कानावर येते. कार्ड खराब झाले किंवा फाईल उडाल्या असे समजून लोक कार्ड फॉरमॅट करून टाकतात. खरे तर फाईल बहुतेक वेळा कार्डावरच शाबूत असतात, फक्त नव्या फोनला त्या फोल्डरमध्ये डोकवायची परवानगी नसते. हे असे का झाले, ते समजायला २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून सुरुवात करावी लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनमध्ये स्वतःची जागा अगदी तुटपुंजी असे आणि जे काही साठवायचे ते कार्डावर. केबल जोडली की फोन ते कार्ड पेन ड्राइव्हसारखे संगणकाच्या हवाली करायचा आणि तेवढा वेळ फोनला स्वतःलाच ते वापरता येत नसे. २०११ च्या सुमारास एमटीपी ही पद्धत आली. तिच्यात संगणक कार्डाचा ताबा घेत नाही, फोनकडे एकेक फाईल मागतो. त्याच सुमारास फोनच्या आतली जागा वाढली आणि फोटो, गाणी, डाउनलोड तिथेच राहू लागले. जुने अ‍ॅप मोडू नयेत म्हणून या आतल्या जागेचा पत्ता मात्र `/sdcard` असाच ठेवला गेला. आजही एखाद्या अ‍ॅपमध्ये `/sdcard/Download` असे दिसले तर ती फाईल फोनच्या आत आहे, कार्डावर नाही. खऱ्या कार्डाच्या पत्त्यात `/storage/` नंतर `1A2B-3C4D` अशा धाटणीचा क्रमांक असतो.

आता ४.४ कडे. तोपर्यंत बहुतेक फोनवर अ‍ॅपला लिहिण्याची एक परवानगी मिळाली की अख्खे कार्ड मोकळे असे. कुठलाही खेळ, कुठलेही कीबोर्डचे अ‍ॅप कार्डावर वाटेल तिथे फोल्डर करायचे, दुसऱ्याच्या फाईल पुसूही शकायचे. अ‍ॅप काढून टाकले तरी त्याचा कचरा मागे राहायचा. कार्डावरची फॅट ही रचना याला आळा घालू शकत नव्हती, कारण फाईल कोणाची आणि ती कोणी वाचावी, याची नोंद ठेवायची सोयच तिच्यात नाही. म्हणून पहारा फोनलाच द्यावा लागला. ४.४ पासून बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपला कार्डावर फक्त स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये लिहिता येऊ लागले. हा फोल्डर `Android/data` च्या आत असतो. उरलेले कार्ड वाचता येई, पण त्यावर काही हलवता किंवा पुसता येत नसे.

अपवाद एकच होता, आणि वादाचे मूळ तिथेच आहे. फोन बनवणाऱ्याने आधीच घालून दिलेल्या अ‍ॅपना खास परवानगी देता येत असे. त्यामुळे फोनसोबत आलेला फाईल मॅनेजर कार्डावर सगळे काही करू शके, आणि लोकांनी आवडीने घेतलेला, वर्षानुवर्षे वापरलेला फाईल मॅनेजर एका अपडेटनंतर अचानक लंगडा झाला. दुसरा फटका जास्त जिव्हारी लागणारा होता. स्वतःच्या फोल्डरमधली फाईल अ‍ॅपच्या मालकीची धरली जाते, म्हणून ते अ‍ॅप काढून टाकले की तो फोल्डरही पुसला जातो. कार्डावर ठेवले म्हणजे सुरक्षित राहिले, हा लोकांचा साधा समज होता. त्याला या नियमाने सुरुंग लावला, आणि फोनच्या पडद्यावर त्याची धड सूचनाही नव्हती.

नियमाच्या बाजूने सांगितले जाते ते असे, की तो नवा नव्हताच. बाहेरून घातलेल्या कार्डासाठी वेगळी परवानगी आधीच्या आवृत्त्यांत लिहिलेली होती, अनेक फोन कंपन्या ती धाब्यावर बसवत होत्या, आणि ४.४ ने फक्त अंमलबजावणी सुरू केली. हे खरे आहे. उद्देशही रास्त होता. गाण्याच्या अ‍ॅपला कोणाच्या बँकेच्या कागदपत्रांशी काही देणेघेणे असू नये. पण दार आधी बंद केले आणि चावी वर्षभराने दिली, हे माझ्या मते अक्षम्य होते. वापरणाऱ्याने स्वतः कार्ड निवडून एखाद्या अ‍ॅपला पूर्ण मुभा देण्याची सोय अँड्रॉइड ५.० मध्ये, म्हणजे २०१४ च्या अखेरीस आली. तोवर ज्यांच्या फाईल अडकल्या किंवा पुसल्या गेल्या, त्यांना कोणी विचारले नाही.

या वर्षभरात आणि त्यानंतरही अ‍ॅप बनवणाऱ्यांनी सोपी वाट धरली. जिथे न विचारता लिहिता येते तिथेच लिहायचे. क्रोममध्ये डाउनलोडची जागा म्हणून कार्ड निवडण्याची सोय आली, तेव्हा फाईल कार्डाच्या दर्शनी `Download` फोल्डरमध्ये न जाता इथे जाऊ लागल्या:

```
Android/data/com.android.chrome/files/Download
```

त्या वेळी कुठल्याही फाईल मॅनेजरमधून इथपर्यंत जाता येई, म्हणून फारसे कोणाला खुपले नाही. मग २०२० साली अँड्रॉइड ११ आले आणि एका अ‍ॅपने दुसऱ्याच्या `Android/data` मध्ये डोकावणेही बंद झाले. सगळ्या फाईल हाताळण्याची परवानगी दिलेला फाईल मॅनेजरसुद्धा तिथे पोहोचत नाही. आधी लिहिणे बंद, मग वाचणेही बंद. या दोन निर्णयांच्या मधल्या काळात कार्डावर गेलेल्या फाईलच आज हरवल्यासारख्या वाटतात.

कळव्यातल्या एका गृहसंस्थेच्या सचिवांचे उदाहरण यात नेमके बसते. त्यांचा जुना फोन अँड्रॉइड ९ चा, त्यात ३२ जीबीचे कार्ड, आणि क्रोमचे डाउनलोड कार्डावर लावलेले. मालमत्ता कराच्या पावत्या, सामायिक मीटरची वीजबिले, ऑडिटचे अहवाल सगळे तिथे. फोनचा पडदा फुटला, कार्ड अँड्रॉइड १३ च्या नव्या फोनमध्ये गेले. फोटो दिसले, कारण ते कार्डाच्या `DCIM` फोल्डरमध्ये होते. पावत्या दिसेनात. नव्या फोनच्या क्रोममधली डाउनलोडची यादीही रिकामी, कारण ती यादी जुन्या फोनमध्ये राहिली होती. कार्डासोबत फक्त फाईल आल्या. फाईल मॅनेजरमधून कार्ड, मग `Android`, मग `data` असे गेल्यावर फोल्डर रिकामा दिसला.

वार्षिक सभा तोंडावर होती. ठाण्यात कोर्टनाक्याजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे त्यांनी ते कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाला लावले आणि वरच्या मार्गाने फोल्डर उघडताच सगळ्या पीडीएफ समोर आल्या. फोनने घातलेला पहारा फोनपुरताच असतो. कार्डावरच्या फॅटमध्ये मालकीची नोंदच नसल्यामुळे संगणकाला अडवणारे काही नसते. ज्या त्रुटीमुळे नियम करावा लागला, तिनेच इथे सुटका केली.

नावांवरून मात्र काही कळत नव्हते. `download.pdf`, `download (1).pdf`, `download (2).pdf` अशी रांगच लागलेली, कारण संकेतस्थळाने दर वेळी एकच नाव दिले होते आणि क्रोमने कंसात आकडे चढवले होते. तारखेनुसार क्रम लावल्यावर वर्षे वेगळी झाली. मग कार्डाच्या अगदी वरच्या पातळीवर `Society` नावाचा फोल्डर करून त्यांनी फाईल त्यात कॉपी केल्या, हलवल्या नाहीत. दोन-तीन उघडून पाहिल्या, कार्ड रीतसर इजेक्ट केले, आणि नव्या फोनमध्ये तो फोल्डर दिसतोय याची खात्री झाल्यावरच जुन्या जागेच्या प्रती पुसल्या. दुकानाच्या संगणकावर काही उतरवलेच नाही, हेही बरे केले. त्या कागदांवर सभासदांची नावे आणि थकबाकी होती.

हा मार्ग एका बाबतीत चालत नाही. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, काही फोनवर कार्ड आतल्या साठवणीचा भाग म्हणून फॉरमॅट करता येते. तसे केलेले कार्ड कूटबद्ध होते आणि त्याची किल्ली त्याच फोनमध्ये असते. संगणकाला लावल्यावर तो कार्ड वाचता येत नाही म्हणतो आणि फॉरमॅट करायचे का विचारतो. तिथे होकार देऊ नये. जुना फोन चालू होत असेल तर कार्ड त्यात परत घालून केबलने फाईल काढाव्यात. फोन मेला असेल किंवा रीसेट झाला असेल, तर त्या फाईल गेल्याच म्हणायच्या.

केबलच्या मार्गालाही याच इतिहासाचे ओझे आहे. जोडल्यावर फोन आधी फक्त चार्ज होतो. पडद्याचे कुलूप काढून, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवून फाईल ट्रान्सफर निवडावे लागते. सूचनाच आली नाही तर बहुधा केबल नुसती चार्जिंगची असते. शिवाय एमटीपीत संगणक फोनच्या नोंदवहीतली यादी दाखवतो, त्यामुळे नुकतीच आलेली फाईल कधी कधी त्यात नसते. फोन एकदा बंद करून चालू केला की नोंद होते. मोठा गठ्ठा कट करून पेस्ट करणे इथेही टाळावे, कारण मध्येच केबल हलली तर काय गेले आणि काय राहिले याचा पत्ता लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या कागदांचे ठिकाणही अँड्रॉइड ११ च्या नियमापायी हलले. पूर्वी फोनच्या दर्शनी भागात असलेला त्याचा फोल्डर आता `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media` मध्ये आहे आणि पीडीएफ त्यातल्या `WhatsApp Documents` मध्ये. हा `data` नसून `media` आहे, म्हणून तो फाईल मॅनेजरला दिसतो आणि तिथून कार्डावर कॉपी करता येतो.

क्रोमने नंतर वाट बदलली. अँड्रॉइड ११ आणि पुढच्या फोनवर कार्ड निवडले तर फाईल कार्डाच्या दर्शनी `Download` फोल्डरमध्ये जाते आणि सगळ्यांना दिसते. जुन्या फोनने जुन्या जागी ठेवलेल्या फाईल मात्र आपोआप हलत नाहीत. रीडरला लावून हाताने बाहेर काढेपर्यंत त्या तिथेच राहतात.