जीन्सचं बटण आणि घर्षणाची दिशा

गेल्या महिन्यात एका नातेवाइकाने मला एक रील पाठवली. जीन्सच्या बटणाखाली जेवणाचा काटा सरकवायचा, एक हिसका द्यायचा आणि बटण टप्‌कन बाहेर. खाली कौतुकाच्या प्रतिक्रियांची रांग. दोन वर्षांपूर्वी मी असाच हिसका दिला होता. बटण निघालं, पण एकटं नाही, सोबत कंबरपट्टीचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा घेऊन. रीलमधली जीन्स कोरी होती आणि बटण बहुधा आधीच सैल होतं, एवढंच त्या जादूचं रहस्य.

हिसक्याने कापड का फाटतं हे समजायला बटणाच्या पोटात डोकवावं लागेल. जीन्सचं बटण शिवलेलं नसतं, ठोकलेलं असतं. त्याचे दोन भाग. दर्शनी टोपी, तिच्या मागे आखूड पोकळ नळी, हिला आपण मान म्हणू. दुसरा भाग कापडाच्या आतल्या बाजूने येणारा खिळा, रुंद चपट्या डोक्याचा, साधारण ड्रॉइंग पिनसारखा. खिळा कापडातून आरपार जाऊन मानेत शिरतो आणि तिथे घट्ट रुततो. पुष्कळ बटणांत त्याचं टोक टोपीच्या आतल्या पत्र्यावर आपटून थोडं चेपतंही. (खिशाच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे रिव्हेट हे वेगळं प्रकरण. त्यांचं पेटंट जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी मिळालं.)

आता टोपी वर ओढा. टोपी खिळ्याला ओढते, खिळ्याचं डोकं मागून कापडाला ओढतं, आणि कापड आपल्या दुसऱ्या हातात असतं. म्हणजे ओढ कापडातूनच जाते. खिळा आधी सुटेल की धागे आधी तुटतील, ही शर्यत. जुन्या, धुऊन विरलेल्या जीन्समध्ये धागे हरतात. भोकाच्या काठावरच्या चार-दोन धाग्यांवर सगळा भार येतो, ते तुटले की तो पुढच्या चारांवर. काट्याने तर यात भरच पडते, कारण काटा टेकतो तो कापडावरच.

म्हणून पहिला नियम असा की ओढ धातूकडून धातूकडे जाऊ द्यायची. त्यासाठी दोन पकडी लागतात. एका पकडीने मागचं खिळ्याचं डोकं दोन्ही कडांनी धरायचं. ते कापडात रुतलेलं असेल, तर आजूबाजूचं कापड नखाने दाबून खाली करायचं. दुसरी, चिंचोळ्या तोंडाची पकड बटणाला लावायची. कापड मध्ये सैल लोंबकळत राहायला हवं. ते ताणलेलं दिसलं की समजावं, आपण चुकतोय.

आणि मग ओढायचं नाही, फिरवायचं. माझा आवडता भाग हा.

घर्षण गतीला विरोध करतं, हे शाळेत शिकवतात. पण गती तिरकी असेल तर घर्षणही त्याच तिरक्या रेषेत उलटं लागतं, आणि सरकू लागलेल्या पृष्ठभागावर त्याचा एकूण जोर साधारण तेवढाच राहतो. म्हणजे त्याची ताकद ठरावीक असते, आणि ती कोणत्या दिशेला खर्ची पडेल हे आपण ठरवू शकतो. बोटात अडकलेली अंगठी आपण फिरवत काढतो, जमिनीत रुतलेली खुंटीही पिळून उपटतो, ते याचसाठी.

आकडे घेऊ. खिळा अडीच मिलिमीटर जाडीचा धरला, तर त्याचा परीघ साधारण आठ मिलिमीटर. बटण एक पूर्ण फेरा फिरलं की मानेची आतली भिंत खिळ्यावरून आठ मिलिमीटर घासते. तेवढ्या वेळात आपण बटण बाहेरच्या दिशेने फक्त ०.८ मिलिमीटर सरकवलं, तर फिरण्याचा वेग ओढण्याच्या वेगाच्या दहापट झाला. घर्षणाचा जोर याच प्रमाणात विभागला जातो. दोन काटकोनी बाजू १० आणि १, कर्ण वर्गमूळ १०१, म्हणजे जवळजवळ १०. तेव्हा बाहेर येण्याला होणारा विरोध एकूण घर्षणाच्या सुमारे एक दशांश. उरलेलं सगळं घर्षण फिरण्याशी झुंजण्यात गुंतलेलं, आणि त्या झुंजीला लागणारा जोर पकडीच्या लांब दांड्यामुळे आपल्याला सहज मिळतो. प्रत्यक्षात खिळ्यावर कंगोरे असतात, त्यामुळे हिशोब इतका स्वच्छ उतरत नाही, पण फरक हाताला लगेच जाणवतो.

फिरवायचं फक्त बटण. खिळा स्थिर हवा, नाहीतर तो धागे गुंडाळत फिरेल. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि सोबत बारीकशी ओढ. करकर आवाज येतो, मान आणि कापड यांत फट दिसू लागते.

हे दोन प्रसंगी जमत नाही. काही बटणांची टोपी मानेवर डुगडुगती असते, ती कितीही फिरवली तरी खिळ्याला पत्ता नसतो. बोटाने हलवून पाहा. टोपी कलत असेल तर पकड टोपीला नव्हे, मानेला लावायची. दुसरा प्रसंग असा की मानही मोकळी गरगरते, पण बाहेर येत नाही. याचा अर्थ घर्षण कधीच हरलंय, आणि आत खिळ्याचं चेपलेलं टोक अडकून बसलंय. अडथळ्यापुढे वरचं गणित चालत नाही. तिथे मान तार कापायच्या कटरने कापायची. जुन्या प्लास्टिक कार्डाला कडेपासून चीर पाडून ते बटणाखाली मानेभोवती सरकवायचं, म्हणजे कटरची धार कापडाला लागत नाही. मग चारही बाजूंनी थोडं थोडं चावत जायचं. तुकडा उडतो, चष्मा लावा.

माझ्या परवाच्या जीन्सचं बटण तीन सेंटिमीटर बाहेर सरकवायचं होतं (कारण विचारू नका). टोपी डुगडुगती निघाली. मानेला पकड लावून वीसेक पाव-फेरे दिले, तरी नुसतीच गरगर. शेवटी कार्ड आणि कटर. हे करताना जीन्स अंगावर नव्हती. अंगावरचा कपडा शिवू नये, शिवलाच तर तोंडात काडी धरावी, असं आमच्याकडे म्हणत. काडीने काही होत नाही, पण बेंबीखाली कटर चालवू नये हे मात्र खरं.

मान तुटल्यावर खिळा लगेच मागे खेचू नका. कापलेल्या टोकाला धारदार कड येते, आणि इतका वेळ वाचवलेले धागे तीच कापते. टोक कानशीने दोनदा घासून घ्यायचं, अडकलेले धागे सुईने बाजूला सारायचे, मग खिळा हळूच मागे ढकलायचा.

टिचबटणाला फिरवण्याची युक्ती लागू नाही. त्यात नळीची कड फुलासारखी बाहेर वळवलेली असते. तिथे वाटीचा भाग पकडीने कडेने दाबून लंबगोल करायचा, एक चतुर्थांश फिरवून पुन्हा दाबायचा. वळलेली कड आत कोसळते आणि दोन्ही भाग सुटतात.

खिळ्याने बरेचसे धागे तोडलेले नसतात, नुसते बाजूला सारलेले असतात. भोक ओलं करून सुईच्या टोकाने उभे-आडवे धागे मध्ये आणले आणि वरून इस्त्री फिरवली, की ते निम्म्याहून अधिक मिटतं. माझ्या जीन्सवर आता फक्त एक गडद निळा ठिपका आहे. बटणाखालचा तेवढा भाग इतकी वर्षं विटला नव्हता.